अर्धा चमचा मीठ, पण ते वाचता आलं पाहिजे

जुलाब झालेल्या बाळाला घरी मीठ-साखरेचं पाणी कसं करून द्यायचं, याचा एक मिनिटाचा व्हिडिओ गावातल्या आशाताईंनी मोबाइलवर काढला आहे, असं समजा. त्या बोलतात: ‘आता बघा, म्हणजे काय करायचं, एक लिटर उकळून गार केलेलं पाणी घ्यायचं, त्यात सहा सपाट चमचे साखर, म्हणजे चहाचा चमचा बरं का, आणि अर्धा चमचा मीठ टाकायचं, तेही सपाटच.’ हे सगळं साधारण साडेनऊ सेकंदांत बोलून होतं.

हा व्हिडिओ ऐकू न येणारी आई बघणार आहे. एसटीत आवाज बंद ठेवून बसलेला बाप बघणार आहे. नातवंडाजवळ बसलेली, कमी ऐकू येणारी आजी बघणार आहे. या तिघांच्या हाती फक्त पडद्याच्या तळाशी येणारी अक्षरं आहेत. तिथे ‘अर्धा’चं ‘दीड’ झालं, तर पाण्यात मीठ तिप्पट पडेल, आणि जास्त मीठ लहान बाळाच्या जिवावर बेतू शकतं. म्हणून या एका वाक्याला सबटायटल कसं द्यायचं, ते नीट बघू.

पहिलं काम ऐकण्याचं. वाक्य तुकड्यातुकड्यानं ऐकून जसंच्या तसं कागदावर उतरवायचं आणि आकडे, मापं, औषधांची नावं यांच्याखाली रेघ मारायची. तेवढे शब्द मूळ आवाजाशी पुन्हा ताडून बघायचे. शंका राहिली, तर बोलणाऱ्यालाच विचारायचं. ‘ऐकायला दीड वाटतं’ यावर कधीही भागवू नये.

दुसरं काम गाळण्याचं. आपण बोलतो त्यातलं बरंच वाक्य जुळवण्यासाठी असतं. ‘आता बघा, म्हणजे काय करायचं’ यात माहिती नाही. ते गाळलं, तर तेवढा वेळ पुढच्या शब्दांना मिळतो. ‘म्हणजे चहाचा चमचा बरं का’ हे मात्र दिसायला तसंच असलं, तरी त्यात माप आहे. ते गाळलं, तर कोणी जेवणाचा मोठा चमचा घेईल. ‘तेही सपाटच’ हेही तसंच. ते वाक्याच्या शेवटी लटकत ठेवण्यापेक्षा ‘अर्धा सपाट चमचा मीठ’ असं जागेवर आणून ठेवावं. शब्द कमी होतात आणि अर्थ पूर्ण राहतो. कथेत किंवा मुलाखतीत माणसाची लकब महत्त्वाची असते, तिथे हात आखडता ठेवावा. कृती सांगणाऱ्या व्हिडिओत मापाला पहिला मान.

बोलीबद्दलही हेच धोरण ठेवावं. आशाताई ‘घ्यायचं’ म्हणाल्या, तर सबटायटलमध्ये ‘घ्यायचे’ करू नये. ओठ एक बोलतात आणि अक्षरं दुसरं, हे ओठ वाचणाऱ्याला लगेच खटकतं. मात्र बोलभाषेत लिहायचं, तर अनुस्वार चुकवून चालत नाही. ‘केलेलं’वरचा टिंब गेला, की वाचणारा क्षणभर अडखळतो, आणि सबटायटलमध्ये तेवढा क्षण हातात नसतो.

आता तोडणं. एका वेळी पडद्यावर दोनच ओळी असाव्यात. तिसरी आली, की चित्र झाकलं जातं. आपलं वाक्य तीन तुकड्यांत सहज बसतं: पाणी, साखर, मीठ. प्रत्येक तुकड्यात माप आणि वस्तू एकत्र राहिली पाहिजे. ‘अर्धा’ एका ओळीत आणि ‘सपाट चमचा’ पुढच्या ओळीत गेला, तर डोळ्याला माप जुळवत बसावं लागतं.

मराठीत तोडताना आणखी एक धोका आहे. आपलं क्रियापद शेवटी येतं आणि नकार त्याच्याही मागून. आशाताई पुढे म्हणतात, ‘मीठ जास्त टाकू नका.’ जागा पुरत नाही म्हणून एका सबटायटलमध्ये ‘मीठ जास्त टाकू’ आणि पुढच्यात ‘नका’ असं केलं, तर दोन-तीन सेकंद पडद्यावर बरोबर उलटा सल्ला उभा राहतो. त्याच वेळी कोणी नजर वळवली, तर तोच डोक्यात राहतो. म्हणून नकार असलेलं क्रियापद कधीही तोडू नये. त्यासाठी आधीचा एखादा शब्द गाळावा लागला, तरी गाळावा.

तोडून झाल्यावर वेळ बसवायची. सबटायटलची सर्वांत रुळलेली फाइल एसआरटी नावानं ओळखली जाते. ती साध्या मजकुराचीच असते: क्रमांक, सुरुवात आणि शेवटाची वेळ, मजकूर आणि मग एक रिकामी ओळ. वेळेत तास, मिनिटं, सेकंद आणि स्वल्पविरामानंतर सेकंदाचे हजारावे भाग असतात. आपलं वाक्य असं दिसेल:

```
1
00:00:12,400 --> 00:00:16,300
एक लिटर उकळून
गार केलेलं पाणी घ्यायचं.

2
00:00:16,400 --> 00:00:19,500
त्यात चहाच्या चमच्यानं
सहा सपाट चमचे साखर,

3
00:00:19,600 --> 00:00:22,500
आणि अर्धा सपाट चमचा मीठ.
```

पहिलं सबटायटल बाराव्या सेकंदाला, आशाताईंनी तोंड उघडताच येतं. त्या अजून ‘आता बघा’ म्हणत असतात, पण ओठ हलताना खाली काहीच नसणं वाचणाऱ्याला सतावतं. शिवाय गाळलेल्या शब्दांचा वेळ इथे कामी आला: १९ अक्षरांना जवळजवळ चार सेकंद मिळाले. दुसऱ्यात २० अक्षरं आहेत आणि सेकंद तीनच्या किंचित वर. तिसऱ्यात १२ अक्षरं आणि जवळजवळ तीन सेकंद. आवाज २२व्या सेकंदाला थांबला, तरी हे सबटायटल अर्धा सेकंद जास्त राहतं, कारण सगळ्यांत जपायचं माप त्यातच आहे. दोन सबटायटल्समध्ये सेकंदाच्या दहाव्या भागाची फट ठेवली आहे. ती नसेल तर अक्षरं बदलली हे डोळ्याच्या लक्षातच येत नाही, आणि वाचणारा जुन्या मजकुराच्या मध्यावरून नवा मजकूर वाचू लागतो.

किती वेळ पुरेसा, याचा माझा अंदाज असा: चित्र बघत बघत वाचणाऱ्याला सेकंदाला सहा-सात अक्षरं आरामात वाचता येतात. आठच्या पुढे गेलं, की धावपळ सुरू होते. इथे अक्षर म्हणजे आपण शाळेत मोजतो ते, जोडाक्षरासकट एक. कितीही छोटं सबटायटल एका सेकंदाच्या आत नाहीसं होऊ नये आणि कितीही मोठं सात सेकंदांच्या वर रेंगाळू नये. जास्त रेंगाळलं, तर माणूस तेच पुन्हा वाचायला लागतो.

हा हिशेब हातानं करण्याचं एक कारण आहे. ‘सबटायटल एडिट’सारखं मोफत सॉफ्टवेअर आवाजाची लहर दाखवतं. त्यामुळे शब्द कुठे सुरू झाला, ते नेमकं दिसतं आणि वेळ बसवणं सोपं होतं. वाचनाचा वेगही ते स्वतः मोजतं, पण संगणक काना, वेलांटी, रफार, अगदी जोडाक्षरातला हलन्तसुद्धा वेगळा मोजतो. ‘विद्यार्थी’ आपल्या लेखी तीन अक्षरं, संगणकाच्या लेखी दहा. वरचं मिठाचं सबटायटल आपण १२ अक्षरांचं म्हटलं. संगणकाला जागा आणि पूर्णविराम धरून ते २४ दिसतं. इंग्रजीसाठी आखलेली मर्यादा मराठीला तशीच लावली, तर चांगलं सबटायटलही लाल दिसतं आणि माणूस उगाच शब्द कापत सुटतो. शब्दांवरून मोजणंही मराठीत फसवं ठरतं, कारण आपले प्रत्यय शब्दाला चिकटतात. ‘शेजारणीकडूनसुद्धा’ हा एकच शब्द, पण वाचायला चार शब्दांइतका वेळ खातो.

फाइल जतन करताना एन्कोडिंग UTF-8 निवडावं, नाहीतर पडद्यावर प्रश्नचिन्हांची रांग येते. मजकूर जुन्या श्रीलिपी किंवा कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप केलेला असेल, तर तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा आणि बदलल्यावर पुन्हा वाचावा. जोडाक्षरं बहुतेक तिथेच बिघडतात. व्हिडिओ व्हॉट्सअॅपवर फिरणार असेल, तर वेगळी फाइल सोबत जात नाही. तेव्हा अक्षरं चित्रातच उमटवावी लागतात. काही व्हिडिओ एडिटर देवनागरी नीट जुळवत नाहीत. पहिली वेलांटी व्यंजनाच्या उजवीकडे जाते, जोडाक्षरं पाय मोडून सुटी होतात. हे तपासायला एक ओळ पुरते: ‘दुसऱ्या विद्यार्थ्याची शक्ती’. ती धड दिसली, तर एडिटर वापरण्याजोगा आहे. दोन ओळींमध्ये अंतर थोडं जास्त ठेवावं, कारण वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या मात्रा, रफार एकमेकांवर आदळतात. अक्षराभोवती काळी कड असावी, पण पातळ. जाड कडेनं ‘घ’ आणि ‘ध’मधला फरक बुजतो.

मी मापं आकड्यांऐवजी अक्षरांत लिहिली, तीही याच कारणानं. छोट्या पडद्यावर देवनागरी ‘१’ आणि ‘९’ पटकन ओळखू येत नाहीत. ‘एक’ आणि ‘नऊ’ यांत गोंधळ होत नाही. तारीख किंवा फोन नंबर असेल, तर मात्र आकडेच बरे.

शेवटची तपासणी स्वतः करून भागत नाही. तुम्हाला वाक्य पाठ झालेलं असतं, त्यामुळे तुम्ही वाचत नाही, आठवता. व्हिडिओ ज्यानं पाहिला नाही, अशा माणसाच्या हातात साधा मोबाइल द्या, आवाज पूर्ण बंद करा आणि एकदाच दाखवा. मग ‘आवडलं का?’ असं विचारू नका. ‘मीठ किती टाकायचं? चमचा कोणता? सपाट की शिगोशीग?’ असं विचारा. उत्तर चुकलं, तर चूक त्या माणसाची धरू नका. तो तुकडा पुन्हा उघडा, एखादा शब्द कमी करा किंवा अर्धा सेकंद वाढवा, आणि मग दुसऱ्या कोणाला तरी दाखवा. तिन्ही उत्तरं बरोबर येईपर्यंत तो व्हिडिओ पुढे पाठवू नका.