०.९१ वर थांबणारी खात्री

फोटो ओळखणाऱ्या क्लासिफायरला मांजराचा फोटो दाखवला, तर तो नुसतं ‘मांजर’ म्हणून थांबत नाही. सोबत एक आकडाही देतो, समजा ०.९९. पाहणारा तो आकडा ‘९९ टक्के शक्यता’ असाच वाचतो. असं वाचणं रास्त आहे की नाही, हे तपासता येतं. हवामान खात्याने ज्या दिवशी ‘पावसाची शक्यता ७० टक्के’ सांगितली, अशा सगळ्या दिवसांपैकी साधारण ७० टक्के दिवशी पाऊस पडला, तर त्या आकड्यावर भरवसा ठेवता येतो. क्लासिफायरलाही हीच कसोटी लावायची: ज्या फोटोंवर तो ०.९५ च्या आसपास खात्री दाखवतो, त्यांतले शंभरातले पंचाण्णव बरोबर निघतात का? कॉर्नेल विद्यापीठातल्या चुआन गुओ आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये ही तपासणी केली. नव्या, खोल नेटवर्कची अचूकता जुन्यांपेक्षा वाढली होती, पण त्यांची खात्री अचूकतेच्याही पुढे पळत होती.

याचं मूळ ट्रेनिंगच्या पद्धतीत आहे. सिफार-१० हा फोटोंचा प्रसिद्ध संच घेऊ. त्यात विमान, मोटार, पक्षी, मांजर, हरीण, कुत्रा, बेडूक, घोडा, जहाज आणि ट्रक असे दहा वर्ग आहेत. मांजराच्या फोटोचं लेबल म्हणजे मांजरासमोर १ आणि बाकी नऊ वर्गांसमोर शून्य. मॉडेल आधी प्रत्येक वर्गाला कच्चे गुण देतं. सॉफ्टमॅक्स त्या गुणांचं शक्यतांमध्ये रूपांतर करतो. गंमत अशी की सॉफ्टमॅक्समधून नेमका १ कधीच बाहेर पडत नाही. त्यासाठी मांजराचे गुण इतरांपेक्षा अनंत पटींनी नव्हे, अक्षरशः अनंत अंतराने जास्त हवेत. त्यामुळे मॉडेलने ०.९९ गाठलं तरी लॉस थोडा उरतोच आणि ट्रेनिंग त्याला ०.९९९ कडे ढकलतं, मग ०.९९९९ कडे. उत्तर केव्हाच बरोबर आलेलं असतं. वाढत राहते ती फक्त खात्री.

लेबल स्मूदिंगचा उपाय थेट या जागेवर बोट ठेवतो. गूगलमधल्या ख्रिश्चन सेगेडी आणि सहकाऱ्यांनी २०१५ च्या अखेरीस इन्सेप्शन नेटवर्कच्या सुधारित आवृत्तीवरच्या शोधनिबंधात तो मांडला. लेबलातला ०.१ एवढा वाटा काढायचा आणि सगळ्या वर्गांना सारखा वाटायचा. दहा वर्ग असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला ०.०१ येतो, मांजराकडे ०.९१ उरतात. आता मॉडेलला अनंताकडे धावायचं कारण राहत नाही. मांजराचे गुण इतरांपेक्षा साधारण ४.५ ने जास्त झाले की शक्यता बरोबर ०.९१ आणि ०.०१ येतात, आणि तिथेच लॉस सर्वांत कमी असतो. त्याच्या पुढे जाऊन ०.९९९ खात्री दाखवली, तर लॉस उलट वाढतो: ०.५० वरून सुमारे ०.८२ वर.

या ०.५० पाशी पुष्कळ जण पहिल्यांदा गोंधळतात. ट्रेनिंगचा लॉस शून्याकडे जायची सवय डोळ्यांना झालेली असते, आणि इथे तो अर्ध्यावर अडकलेला दिसतो. मॉडेल बिघडलेलं नसतं. दहा वर्गांत ०.१ स्मूदिंग केलं की लॉसची जमीनच तिथे असते. म्हणून चाचणीच्या फोटोंवर लॉस मोजताना स्मूदिंग बंद ठेवायचं, नाहीतर स्मूदिंगशिवाय शिकवलेल्या मॉडेलशी तुलनाच होत नाही.

हे सगळं किती स्वस्त आहे पाहा. पायटॉर्चमध्ये ही एवढीच ओळ लागते:

```
loss_fn = nn.CrossEntropyLoss(label_smoothing=0.1)
```

ना जास्तीचा डेटा, ना जास्तीचा वेळ. पण या स्वस्ताईची एक किंमत आहे आणि मला ती महत्त्वाची वाटते. स्मूदिंग मांजराच्या फोटोत कुत्र्याला ०.०१ देतं आणि ट्रकलाही ०.०१. आपल्याला माहीत आहे की धूसर, ३२ बाय ३२ पिक्सेलच्या फोटोत मांजर कुत्र्यासारखं दिसू शकतं, ट्रकसारखं नाही. राफाएल म्युलर, सायमन कॉर्नब्लिथ आणि जेफ्री हिंटन यांनी २०१९ मध्ये नेटवर्कच्या शेवटून दुसऱ्या थरात डोकावून पाहिलं, तेव्हा स्मूदिंगने प्रत्येक वर्गाचे फोटो घट्ट गोळ्यांमध्ये आवळले गेलेले दिसले. कॅलिब्रेशन, म्हणजे खात्री आणि अचूकता यांचा मेळ, सुधारला होता. पण कोणतं मांजर कुत्र्याच्या जवळचं आणि कोणतं लांबचं, हा तपशील पुसट झाला होता. त्यामुळे असं मॉडेल शिक्षक म्हणून वापरून त्याच्या उत्तरांवर दुसरं लहान मॉडेल शिकवलं, तर ते लहान मॉडेल कमी चांगलं तयार होतं.

मिक्सअप हा दुसरा उपाय वेगळ्या बाजूने येतो. हाँगयी झांग आणि सहकाऱ्यांनी तो २०१७ मध्ये सुचवला. दोन फोटो घ्यायचे, एकाचे पिक्सेल ०.७ ने आणि दुसऱ्याचे ०.३ ने गुणून बेरीज करायची. एका जागी पहिल्या फोटोत २०० आणि दुसऱ्यात १०० असेल, तर मिश्रणात १७० येतात. मग लेबलही तसंच: मांजर ०.७, जहाज ०.३. मिश्रणाचं प्रमाण दर वेळी नव्याने, बीटा वितरणातून निवडतात. त्याची सेटिंग सहसा अशी असते की बहुतेक मिश्रणांत एकच फोटो ठळक राहतो आणि दुसऱ्याची नुसती सावली पडते. माणसाला ही चित्रं विचित्र दिसतात. मॉडेल मात्र त्यातून एक गोष्ट शिकतं: दोन वर्गांच्या मधल्या जागेत खात्री एकदम उडी मारत नाही, हळूहळू उतरते.

इथे लेबल मिसळणं हाच कळीचा भाग आहे. सुनील तुलसीदासन आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये फक्त फोटो मिसळून लेबलं अखंड ठेवून पाहिली. कॅलिब्रेशनमधला फायदा तेव्हा मिळाला नाही. दोन्ही मिसळल्यावर मात्र मॉडेल नुसत्या गोंगाटाच्या चित्रावरही पूर्वीइतक्या ठामपणे बोलेनासं झालं.

आता उलटी चूक. समजा स्मूदिंगने शिकवलेलं आपलं मॉडेल चाचणीत १०० पैकी ९७ फोटो बरोबर ओळखतं, पण खात्री बहुतेक वेळा ०.९१ च्या आसपासच दाखवतं. आधी अतिआत्मविश्वास होता, आता न्यूनगंड आला. कामाच्या जागी याचा फटका लगेच बसतो. खात्री ०.९५ च्या वर असेल तर उत्तर आपोआप पुढे जातं आणि खाली असेल तर माणसाच्या टेबलावर येतं, असा नियम पुष्कळ ठिकाणी असतो. मॉडेल बदलून नियम तसाच ठेवला, तर जवळजवळ सगळा ढीग माणसांकडे येतो आणि लोक म्हणतात, नवं मॉडेल वाईट आहे. प्रत्यक्षात अचूकता पूर्वीइतकीच किंवा जास्तही असू शकते. मिक्सअप लावलेली अनेक मॉडेलं एकत्र करून त्यांच्या उत्तरांची सरासरी घेतली, तर हा न्यूनगंड आणखी वाढतो, कारण सरासरी स्वतःच खात्री खाली आणते.

दुरुस्ती अवघड नाही. ट्रेनिंगला न वापरलेले काही हजार फोटो बाजूला ठेवायचे. त्यांची खात्रीनुसार गटवारी करायची आणि प्रत्येक गटात सरासरी खात्री व खरी अचूकता शेजारी मांडायची. मग गुओंच्या शोधनिबंधातलीच युक्ती वापरायची: सगळे कच्चे गुण ‘तापमान’ नावाच्या एकाच आकड्याने भागायचे. अतिआत्मविश्वासी मॉडेलला तो १ पेक्षा मोठा लागतो. वरच्या उदाहरणात तो १ पेक्षा लहान, साधारण ०.८ येईल, ४.५ चं अंतर ताणून ५.७ होईल आणि ०.९१ चे ०.९७ होतील. सगळ्या गुणांना एकच भागाकार असल्यामुळे वर्गांचा क्रम बदलत नाही, म्हणून एकही उत्तर बदलत नाही. ०.९५ ची रेषा त्यानंतर आखायची, आणि मॉडेल पुन्हा शिकवलं की तापमानही पुन्हा काढायचं.