व्हिडिओतली बिर्याणी कागदावर उतरवताना

नानी किंवा खालाजान यांच्या हातची बिर्याणी मोबाइलवर चित्रित करून यूट्यूबवर ठेवण्याची पद्धत आता घराघरांत रुळली आहे. पण प्रत्यक्ष चुलीपाशी उभे राहिल्यावर त्या व्हिडिओचा उपयोग कमी आणि त्रासच जास्त होतो. हात मसाल्याने भरलेले असतात, दही किती घालायचे ते पाहायला व्हिडिओ मागेपुढे करावा लागतो आणि तेवढ्यात कांदा करपतो. म्हणून व्हिडिओचे टप्पे वेळेनुसार वेगळे करावेत आणि त्याच आधारे एक लेखी कृती तयार करावी. या कामाची पद्धत एका उदाहरणाने पाहू.

समजा, १८ मिनिटे ४० सेकंदांचा कच्च्या गोश्ताच्या दम बिर्याणीचा व्हिडिओ आहे. प्रमाण १ किलो मटण आणि १ किलो बासमतीचे, बोलणे घरगुती हिंदीत. संगणकावर यूट्यूब उघडून व्हिडिओखालचे वर्णन पूर्ण उघडले की `Show transcript` हे बटण मिळते. ते दाबले की बोललेली वाक्ये वेळेसकट ओळीने दिसतात. ती कॉपी करून एका कोऱ्या फाइलमध्ये ठेवावीत. व्हिडिओत नुसते संगीतच असेल, तर ही वाट बंद असते. मग पाहून पाहूनच वेळा टिपाव्या लागतात.

आता ओळी वाचत कामाच्या क्रियापदांखाली खूण करत जा: ‘भिगो देंगे’, ‘डालेंगे’, ‘तह लगाएँगे’. ‘अब’ या शब्दावर मात्र विसंबू नका. बोलताना तो दर दुसऱ्या वाक्यात येतो आणि त्यानंतर कित्येकदा कामाऐवजी आठवणच सुरू होते. ‘तब तक’ हा शब्द जास्त मोलाचा आहे. तो आला म्हणजे दोन कामे एकाच वेळी चालू आहेत असे समजावे.

खुणा झाल्या की प्रत्येक वेळ व्हिडिओत जाऊन तपासावी लागते, कारण प्रतिलेख शब्द केव्हा उच्चारला ते सांगतो, काम केव्हा झाले ते सांगत नाही. आपल्या उदाहरणात ‘गोश्त में मसाला लगाएँगे’ ही ओळ ४:४० ला दिसते, पण वाक्य त्याच्या जरा आधीच सुरू झालेले असते. मग दही आंबट नको, यावर अर्धा मिनिट बोलणे चालते आणि दही पातेल्यात पडते ५:१५ ला. टप्प्याची सुरुवात वाक्याच्या आरंभी, म्हणजे ४:३८ ला धरावी. पाहणाऱ्याला सूचना आणि काम दोन्ही सलग मिळते.

खुणा तीस-चाळीस होतात, पण तेवढे टप्पे करू नयेत. एक भांडे बाजूला ठेवून दुसरे हाती घेतले किंवा थांबायची वेळ आली की नवा टप्पा, एवढा नियम पुरतो. आपली यादी अशी होईल:

```
0:00 साहित्य
1:35 तांदूळ धुऊन भिजवणे
2:20 कांदा तळणे (बिरिस्ता)
4:38 गोश्ताला मसाला आणि पपई लावणे
8:05 तांदूळ अर्धा शिजवणे
11:20 थर लावणे
13:40 दम देणे
17:10 दम उघडणे
```

व्हिडिओ आपल्या घरचा असेल, तर ही यादी त्याच्या वर्णनात चिकटवायची. सुरुवात 0:00 नेच हवी, किमान तीन वेळा हव्यात, त्या चढत्या क्रमाने हव्यात आणि कुठलाही टप्पा १० सेकंदांपेक्षा लहान नको. यातली एक अट जरी चुकली, तरी टप्पे दिसत नाहीत. वेळेचे आकडे इंग्रजी अंकांतच लिहावेत. व्हिडिओ दुसऱ्याचा असेल, तर त्याच्या वर्णनात आपल्याला लिहिता येत नाही. मग आपल्या वहीसाठी दुव्याच्या शेवटी सेकंद जोडावेत. ४:३८ म्हणजे २७८ सेकंद, म्हणून `&t=278s`. त्या दुव्याने व्हिडिओ नेमका तिथूनच सुरू होतो.

टप्पे झाले, पण हीच यादी कृती म्हणून कागदावर उतरवली तर बिर्याणी बिघडेल. व्हिडिओत तांदूळ १:३५ ला भिजतो आणि गोश्ताला मसाला त्यानंतर लागतो. गोश्त तीन तास मुरायचे आहे आणि तांदळाला अर्धा तास पुरतो. व्हिडिओच्या क्रमाने गेलेल्या सुनेचा तांदूळ तीन तासांहून जास्त भिजेल आणि शिजताना त्याचे दाणे तुटतील. म्हणून लेखी कृतीत आधी कांदा, मग मसाला, आणि अडीच तासांनी तांदूळ भिजवणे, असा क्रम हवा.

उशिरा सांगितलेल्या सूचनांचेही तसेच. थर लावताना १२:५० ला सहज एक वाक्य येते: पपई लावलेले गोश्त तीन तासांवर ठेवू नका, गळून जाते. व्हिडिओत ही सूचना थरांच्या टप्प्यात आहे, कागदावर ती मसाल्याच्या पायरीतच हवी. मिठाचाही हिशेब करावा. ते गोश्ताला एक मोठा चमचा लागते आणि तांदळाच्या चार लिटर पाण्यात चार मोठे चमचे पडते. साहित्यात नुसते ‘मीठ, चवीनुसार’ लिहिले, तर पाण्यातले मीठ हमखास राहून जाते. दोन्ही ठिकाणी वेगळे लिहावे.

सर्वांत जपायचे ते आकडे. दमाच्या टप्प्यात बोलणारी सांगते ‘साठ मिनट’, आणि आपोआप बनलेल्या प्रतिलेखात उमटते ‘7 मिनट’. सात आणि साठ कानाला इतके जवळचे आहेत की यंत्र सहज फसते. व्हिडिओ पाहूनही ही चूक कळत नाही, कारण संकलनात तो तास कापून टाकलेला असतो. पातेले तव्यावर चढते आणि काही सेकंदांत वाफ दिसते. कच्च्या गोश्तावर सात मिनिटांचा दम दिला तर मटण कच्चेच राहील. म्हणून प्रत्येक आकडा कानाने पुन्हा ऐकावा आणि शिजण्याची वेळ शक्यतो करणाऱ्या बाईंनाच विचारावी. विचारणे शक्य नसेल, तर आकड्याशेजारी खूण लिहावी. या टप्प्याची कृती मग अशी होते:

‘झाकणाच्या कडा कणकेने बंद करा. मध्यम आचेवर सुमारे १० मिनिटे, कडेने वाफ डोकावेपर्यंत ठेवा. मग पातेल्याखाली तवा ठेवून मंद आचेवर ६० मिनिटे. उघडल्यावर तळाचा एक तुकडा काढून बोटांनी दाबा. हाडापासून सुटला तर झाले, नाही तर कणीक परत लावून आणखी १५ मिनिटे. (पाहा १३:४०)’

कॅमेऱ्यात जे दिसते पण बोलले जात नाही, तेही असेच पाहून लिहावे लागते. कांदा कोणत्या रंगावर काढला, आच किती होती, पातेले केवढे होते, हे प्रतिलेखात कुठेच नसते. कांद्यासाठी ‘फिका बदामी रंग आला की काढा, बाहेर काढल्यावर तो आणखी गडद होतो’ एवढे वाक्य पुरते.

शेवटी हा कागद अशा माणसाच्या हाती द्यावा ज्याने व्हिडिओ पाहिलेला नाही, आणि त्याला एकट्याने करू द्यावे. तो जिथे थांबून ‘आता काय?’ विचारतो, ती जागा व्हिडिओत पुन्हा जाऊन पाहावी. तिथे बहुधा एखादे बिनबोललेले काम सापडते.