लवकर उठली ती बस?

नववीतल्या मुलांच्या ‘आमची रायगडची सहल’ या निबंधात असं वाक्य हमखास भेटतं: ‘सकाळी लवकर उठून आमची बस सहा वाजता निघाली.’ शुद्धलेखन निर्दोष, अर्थही कळतो. पण उठलं कोण? वाक्यात बसशिवाय दुसरं कुणी नाहीच. ‘लवकर उठून’ हे शब्द लोंबकळत राहिले आहेत, कारण ते ज्याला चिकटायचे तो ‘आम्ही’ वाक्यात आलाच नाही.

‘ऊन’ लागलेलं क्रियापद स्वतःचा कर्ता सहसा बरोबर आणत नाही, तो मुख्य क्रियापदाकडून उसना घेतं. म्हणून तपासणी सोपी आहे. ‘उठून’ला विचारायचं, ‘कोण उठलं?’ मग ‘निघाली’ला विचारायचं, ‘कोण निघालं?’ दोन उत्तरं जुळली नाहीत, तर वाक्य थांबवून पाहायचं.

दुरुस्तीचे दोन मार्ग आहेत. हरवलेल्या माणसाला मुख्य वाक्यात आणायचं: ‘सकाळी लवकर उठून आम्ही सहाच्या बसने निघालो.’ किंवा ‘ऊन’ काढून दोन्ही क्रियांना आपापला कर्ता द्यायचा: ‘आम्ही लवकर उठलो आणि आमची बस सहा वाजता निघाली.’ मला पहिला मार्ग आवडतो, त्यात वाक्य सैल पडत नाही.

पुष्कळ मुलं तिसरी वाट धरतात, ‘ऊन’ऐवजी ‘ल्यावर’. ती कधी चालते, कधी नाही. ‘पायऱ्या चढून महादरवाजा दिसला’ यात दरवाजाच पायऱ्या चढतो; ‘पायऱ्या चढल्यावर महादरवाजा दिसला’ हे मात्र बिनतक्रार वाचलं जातं. चढणारा आणि पाहणारा एकच, आणि तो न सांगता समजतो. पण ‘लवकर उठल्यावर आमची बस निघाली’ मध्ये बस झोपाळूच राहते. बरं, ‘आम्ही लवकर उठल्यावर बस निघाली’ असं केलं, तर ड्रायव्हर आमच्या उठण्याची वाट पाहत बसला होता असं वाटतं! व्याकरण सुधारलं, पण हकीगत बदलली.

ही तपासणी यांत्रिकपणे केली, तर चांगली वाक्यंही तांबड्या शाईत बुडतील. ‘गड पाहून मला आनंद झाला’ यात ‘झाला’चा कर्ता आनंद आहे, तरी वाक्य बरोबर आहे, कारण पाहणारा ‘मला’च्या रूपात हजर आहे. ‘आम्हाला गडावर पोहोचून तासही झाला नव्हता’ याचंही तेच. ‘पाऊस पडून वाट निसरडी झाली’ यात ‘ऊन’ने आपला कर्ता, पाऊस, बरोबर आणलाच आहे, इथे तो कारण सांगतो. म्हणून व्याकरणातल्या कर्त्यापेक्षा ती क्रिया करणारा वाक्यात कुठे आहे, हे शोधणं महत्त्वाचं.

‘ताना’ची अडचण उलटी आहे. तिथे चिकटायला एकाऐवजी दोघं मिळतात. ‘मी सरांना गड उतरताना पाहिलं.’ उतरत कोण होतं, मी की सर? लिहिणाऱ्याला माहीत असतं, म्हणून शंका त्याच्या मनात येतच नाही. सर उतरत असतील तर ‘सर गड उतरत असताना मी त्यांना पाहिलं’. मी उतरत असेन तर ‘मी गड उतरत होतो, तेव्हा मला सर दिसले’.

विशेषणं चुकीच्या जागी पडतात तेव्हा मराठी आपल्याला बऱ्याचदा सावरून घेते. ‘मोडके वाड्याचे दार’ म्हटलं तर शब्दांचा क्रम ओबडधोबड असला, तरी मोडकं दारच आहे हे ‘मोडके’चं रूप सांगतं. ‘मोडक्या वाड्याचे दार’ म्हटलं की मोडका वाडा. पण दाराला प्रत्यय लागला की ही सोय संपते: ‘मोडक्या वाड्याच्या दारात आम्ही फोटो काढला.’ आता सामान्यरूपामुळे दोन्हीकडे ‘मोडक्या’च. वाचणारा जवळचं नाम धरतो आणि वाडाच मोडका समजतो. दार मोडकं असेल, तर विशेषण त्याच्याजवळ सरकवायचं: ‘वाड्याच्या मोडक्या दारात’. ‘लाल’, ‘सुंदर’, ‘दगडी’ यांसारखी न बदलणारी विशेषणं तर प्रत्यय नसतानाही काही सांगत नाहीत. ‘लाल वाड्याचे दार’ मध्ये लाल काय, हे फक्त जागेवरून ठरतं.

वही तपासताना अशा वाक्याखाली ‘वाक्यरचना चूक’ लिहिलं, तर मुलाला फारसं काही कळत नाही. त्यापेक्षा ‘उठून’ या शब्दाखाली रेघ मारून समासात एवढंच लिहावं: ‘कोण?’