दोन फाशांतला मोठा

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या २०१४ च्या आवृत्तीत परिस्थिती अनुकूल असली, की वीस बाजूंचा फासा दोनदा टाकून मोठा आकडा घेतात. सरासरी १०.५ वरून १३.८ होते. म्हणजे दरवेळी सव्वातीन गुणांची बढती? छे! ११ किंवा जास्त हवे असतील, तर दोन्ही फासे फसण्याची शक्यता निम्म्याची निम्मी, म्हणजे पाव. यश ५० वरून ७५ टक्क्यांवर जातं, जणू पाच गुण फुकट. नेमके २० हवे असतील, तर ५ चे जेमतेम पावणेदहा टक्के. एका गुणाइतकीही भर नाही. तिसरा फासा सरासरी १५.५ वर नेतो, म्हणजे वाढ निम्मीच. मूठभर फासे टाकून प्रत्येकाचं यश वेगळं मोजलं, तर मात्र प्रत्येक फासा सरासरीत सारखीच भर घालतो.