भाडेकरू की परवानाधारक?

यवतमाळात 11 महिन्यांसाठी घर देताना होणारा इंग्रजी करार बहुधा ‘लिव्ह अँड लायसन्स’ असतो. मराठीत त्याला ‘भाडेपट्टा’ म्हटले की अर्थच बदलतो. भाडेपट्ट्यात जागेवर हक्क निर्माण होतो. परवान्यात फक्त वापराची मुभा मिळते. म्हणून ‘लायसन्सर’ला परवाना देणार, ‘लायसन्सी’ला परवानाधारक आणि मासिक रकमेला परवाना शुल्क लिहावे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 24 नुसार मुदत संपल्यावर परवानाधारकाने घर सोडले नाही, तर दुप्पट शुल्काइतकी भरपाई द्यावी लागते. करारात कुठे ‘भाडेकरू’, कुठे ‘परवानाधारक’ आले, की वादाला जागा मिळते.

अनुवादात कलमांचे क्रमांकही हलवू नयेत. समजा, करारातले कलम 4 म्हणते, पहिले सहा महिने कोणीही करार मोडू शकत नाही. कलम 9 चा अनुवाद असा होईल: ‘कलम 4 च्या अधीन राहून, परवाना देणार एक महिन्याची लेखी नोटीस देऊन करार संपवू शकेल.’ दोन कलमे एकत्र केली, तर हा ‘4’ भलतीकडेच बोट दाखवतो. इंग्रजी ‘मे’साठी ‘शकेल’ आणि ‘शॅल’साठी बंधन दाखवणारे क्रियापद वापरावे. कलम 9 मधले ‘कलम 4 च्या अधीन राहून’ गाळले, तर तिसऱ्या महिन्यातही नोटीस देता येते असा अर्थ निघतो.