साडी तीच, ओळ नवी

वहिनींचं साड्यांचं दुकान नाशिकला घरातल्या मागच्या खोलीत आहे आणि गिऱ्हाईक सगळं मोबाइलवर. एकूण 160 साड्या. प्रत्येकीचे चार-पाच फोटो, खाली वर्णन, किंमत आणि मागवण्याचं बटण. दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये कुणीतरी त्यांना सांगितलं की ऋतू बदलला की वर्णनंही बदलावीत, म्हणजे खप वाढतो. वहिनी रात्री जेवणं उरकल्यावर बसायच्या आणि एकेक वर्णन नव्यानं लिहायच्या. चाळिसाव्या साडीला हात टेकले. तिथपर्यंतच्या प्रत्येक साडीवर ‘उन्हाळ्यासाठी खास’ असं लिहून झालं होतं. ते काढायचं राहिलं आणि जुलैत एका बाईंनी विचारलं, “उन्हाळ्यासाठी खास म्हणजे पावसात नेसायची नाही का?”

वहिनींनी मला बोलावून घेतलं. “भावोजी, साडी तीच आहे. तिचं सूत बदललं नाही, काठ बदलले नाहीत. मग मी दर चार महिन्यांनी नवीन काय लिहू?”

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. साडी बदलत नाही, बदलतो तो घेणाऱ्याचा प्रश्न. मलमलच्या साडीबद्दल एप्रिलमध्ये विचारतात, “जड नाही ना? घामानं रंग जाईल का?” तीच साडी लग्नसराईत दिसली की विचारतात, “अशाच अकरा मिळतील का? मानपानाला द्यायच्यात.” म्हणजे वर्णनाचा मोठा भाग बारमाही आहे. साडीची लांबी, ब्लाउजपीस आहे की नाही, सूत कोणतं, काठ विणलेला की छापील, धुवायची कशी, यात ऋतूचा काही संबंध नाही. ऋतूची असते ती वरची एक ओळ, आणि त्या ओळीनं त्या हंगामात येणाऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं असतं. ‘मनमोहक’ आणि ‘थंडगार अनुभव’ यांनी कुठल्याच प्रश्नाचं उत्तर मिळत नाही.

प्रश्न शोधायला फार लांब जावं लागलं नाही. वहिनींच्या व्हॉट्सॲपमध्ये मागच्या वर्षीची सगळी बोलणी पडून होती. शोधाच्या रकान्यात ‘रंग’, ‘पाऊस’, ‘वजन’, ‘लग्न’, ‘कधी मिळेल’ असे शब्द टाकत गेलो आणि तासाभरात प्रत्येक हंगामाचे तीन-चार प्रश्न हाती आले. पुन:पुन्हा तेच.

मग साड्यांची वाटणी केली. 160 साड्यांचे सहा गट पडले: सुती आणि मलमल, खण, इरकल, पैठणी व इतर रेशीम, जॉर्जेट-शिफॉन आणि नऊवारी. आता ओळ साडीला नाही, गटाला लिहायची. दर साडीला तीन हंगामांची वर्णनं लिहिली असती तर 480 झाली असती. सहा गटांना तीन हंगाम म्हणजे 18 ओळी. त्यातल्याही आम्ही अकराच लिहिल्या, कारण जिथे खरोखर सांगण्यासारखं काही नाही तिथे रकाना कोरा ठेवला. खणाच्या साडीला पावसाळ्याशी ओढूनताणून नातं जोडायची गरज नसते.

ओळी कशा होत्या ते सांगतो. सुती गटाला उन्हाळ्यासाठी: ‘वजन 400 ग्रॅमच्या आसपास. स्टार्च न करता नेसता येते. गडद रंग पहिली दोन धुणी वेगळे धुवा.’ त्याच गटाला लग्नसराईसाठी: ‘मानपानासाठी एकाच प्रकारात 11 साड्यांपर्यंत मिळतील.’ रेशमाला पावसाळ्यासाठी: ‘नेसून आल्यावर लगेच घडी घालू नका. सावलीत वाळवून सुती कापडात गुंडाळा, दमटपणानं जर काळी पडते.’ जॉर्जेटला: ‘भिजली तरी पंख्याखाली लवकर वाळते, इस्त्री फारशी लागत नाही. रंग ओल्या पांढऱ्या फडक्यावर तपासला आहे.’

लिहायला ही ओळ सोपी आणि खरी ठेवायला अवघड आहे. 400 ग्रॅम म्हणायचं तर स्वयंपाकघरातला काटा काढून साड्या तोलाव्या लागल्या. रंग तपासला म्हणायचं तर प्रत्येक साडीच्या आतल्या बाजूचं टोक ओल्या पांढऱ्या फडक्यानं घासून पाहावं लागलं. जॉर्जेटच्या 31 साड्यांपैकी दोन मरून साड्यांनी फडकं गुलाबी केलं. गटाची ओळ गटातल्या सगळ्यांना लागू होते, म्हणून एकही सभासद खोटा ठरून चालत नाही. त्या दोघींना गटातून काढून त्यांचा सातवा गट केला. त्याला ओळ नाही, फक्त धुण्याची सूचना. माझ्या मते सगळ्या खटाटोपात कामाचा भाग हाच होता. एरवी त्या दोन साड्या ऐन पावसाळ्यात कुणाच्या तरी पांढऱ्या परकराला रंगवून आल्या असत्या.

बाकीचं काम गूगल शीट्समध्ये बसलं. एका पानावर साड्या, प्रत्येक साडीला एक ओळ: A मध्ये साडीचा क्रमांक, B मध्ये गट, C मध्ये बारमाही वर्णन. दुसऱ्या पानाचं नाव Season. त्यात A मध्ये गट, B, C, D मध्ये उन्हाळा, पावसाळा आणि लग्नसराईच्या ओळी आणि E मध्ये सध्या जी चालू ठेवायची ती ओळ. साड्यांच्या पानावर D रकान्यात हे सूत्र लिहून खालपर्यंत ओढलं:

```
=VLOOKUP(B2, Season!A:E, 5, FALSE) & " " & C2
```

याचा अर्थ एवढाच: या साडीचा गट बघ, त्या गटाची चालू ओळ आण आणि बारमाही वर्णनाच्या आधी लाव. हंगाम बदलला की Season पानावरच्या E मधल्या सहा-सात ओळी बदलायच्या, 160 वर्णनं आपोआप तयार होतात. D दुकानावर चढवायचा, C ला कधीच हात लावायचा नाही. हा नियम मोडला तर काय होतं तेही आम्ही पाहिलं. एकदा घाईत तयार झालेलं वर्णन पुन्हा C मध्ये चिकटवलं गेलं, आणि पुढच्या हंगामात साडी आधी पावसाळ्याची आणि लगेच उन्हाळ्याची निघाली. असं झालंय का ते ओळखायला सोपी युक्ती आहे. जुलैत आपल्याच दुकानात ‘उन्हा’ शोधायचं. काही सापडलं तर चिकटवाचिकटवी झाली आहे.

शॉपिफायसारख्या दुकानात सगळ्या वस्तूंची यादी सीएसव्ही फाइल म्हणून उतरवता येते आणि बदलून परत चढवता येते. चढवताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. एक म्हणजे वस्तूची ओळख असलेला रकाना, ज्याला तिथे ‘हँडल’ म्हणतात, त्यात अक्षरही बदलायचं नाही. बदललं की जुनी साडी जिथल्या तिथे राहते आणि तिच्या शेजारी नवी जुळी उभी राहते. दुसरी म्हणजे रिकामे रकाने. फाइलमध्ये किमतीचा रकाना ठेवून तो कोरा सोडणं वेगळं आणि तो रकाना फाइलमध्ये नसणं वेगळं. नसलेल्या रकान्याची जुनी माहिती तशीच राहते, कोरा रकाना मात्र जुनी माहिती पुसून टाकतो. म्हणून जे बदलायचं नाही ते फाइलमधून काढूनच टाकावं. आधी तीन साड्यांची फाइल चढवून पाहावी आणि मूळ यादीची एक प्रत तारीख घालून बाजूला ठेवावी. अशी फाइल थेट एक्सेलमध्ये उघडली तर मराठी अक्षरांच्या जागी चित्रविचित्र चिन्हं दिसण्याचा संभव असतो, म्हणून आम्ही ती शीट्समध्येच उघडतो.

जुनी नोंद खोडून नवी करण्याचा मोह अनेकांना होतो, कारण नवी म्हणजे ताजी असं वाटतं. पण खोडली की तिच्यावरचे अभिप्राय जातात आणि कुणी बहिणीला पाठवून ठेवलेला दुवा उघडेनासा होतो. नोंद तीच ठेवावी आणि हंगामासाठी संग्रह करावा. त्याचं नाव ‘लग्नसराई’ एवढंच, साल घालू नये, म्हणजे पुढच्या वर्षी तोच दुवा चालतो.

फोटोंचंही तसंच. नवे काढायची गरज पडली नाही, क्रम बदलला. उन्हाळ्यात पहिला फोटो उजेडात धरलेल्या पदराचा, ज्यात सुताची विरळ वीण दिसते. लग्नसराईत काठाचा जवळून घेतलेला. तेही 160 साड्यांचे नाही, जास्त खपणाऱ्या 25 साड्यांचेच. पहिल्या फोटोवर छत्री, ढग किंवा ‘मान्सून धमाका’ चिकटवू नये. ॲमेझॉनवर मुख्य फोटो पांढऱ्या पार्श्वभूमीचा आणि अक्षरांशिवायच लागतो. इतरत्र चालत असलं तरी ढगाखाली काठ झाकला जातो, आणि बायका काठच बघत असतात.

कधी बदलायचं, हे मात्र शीटला कळत नाही. तिथे पंचांग लागतं. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात, पण बस्ता त्याआधी बांधला जातो, म्हणून लग्नसराईची ओळ दसऱ्यालाच चढते. 2026 साल तर आमच्या पद्धतीची परीक्षाच आहे. 17 मे ते 15 जून अधिक ज्येष्ठ, म्हणजे ऐन मोसमात महिनाभर लग्नं नाहीत. पण अधिकात लेक-जावयाला वाण द्यायचं असतं, त्यामुळे जावयाच्या ताटाबरोबर लेकीला साडीही जाते. मग निज ज्येष्ठात मुहूर्त परत येतात तेव्हा पाऊस आलेला असतो. मुंबईत मोसमी पाऊस सर्वसाधारणपणे 11 जूनला पोहोचतो आणि आषाढी एकादशी 25 जुलैला आहे. या मधल्या दिवसांत रेशमाला पावसाळा आणि लग्न दोन्ही लागू.

चालू ओळीचा रकाना गटागणिक वेगळा ठेवल्याचा फायदा इथे झाला. सगळ्या दुकानाला एकच ऋतू लावला असता तर अडलं असतं. वहिनींनी रेशमासाठी बारावी ओळ लिहिली: ‘लग्नाची तारीख कळवा, फॉल-पिकोला चार दिवस लागतात. साडी आतून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून पाठवतो. मिळाल्यावर पिशवीतून काढून सुती कापडात ठेवा.’ सुती गटाला त्याच काळात मानपानाची ओळ आणि जॉर्जेटला पावसाची.

बारावी ओळ लिहायला, चढवायला आणि तीन साड्यांवर तपासायला वहिनींना पाऊण तास लागला. ती 16 जूनच्या सकाळी चालू होईल आणि 26 जुलैला उतरेल. दोन्ही तारखा त्यांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत गॅसच्या नंबराखाली लिहून ठेवल्या आहेत.