काळ्या पट्टीखालचा मजकूर : गैरसमज आणि वस्तुस्थिती

पीडीएफमधल्या नावावर किंवा खातेक्रमांकावर काळी चौकट काढली की तो मजकूर नाहीसा होतो, हा समज वकिलांच्या कचेरीपासून गृहनिर्माण सोसायटीच्या कार्यालयापर्यंत सगळीकडे आढळतो. तो साफ चुकीचा आहे. पीडीएफचे पान ही मुळात सूचनांची यादी असते: हा फाँट घे, या जागी ही अक्षरे लिही, तिथे आयत रंगव. फाइल उघडणारे सॉफ्टवेअर त्या सूचना क्रमाने पाळते. चौकट काढल्यावर यादीत भर पडते, आधीची एकही सूचना कमी होत नाही. आतून असे पान थोडक्यात असे दिसते:

```
BT /F1 12 Tf 72 700 Td (A/c 4471) Tj ET
0 g
70 696 120 16 re f
```

पहिली ओळ खातेक्रमांक लिहिते, उरलेल्या दोन काळा रंग घेऊन त्यावर आयत भरतात. कंसातला क्रमांक जागच्या जागी आहे. पट्टीवरून माऊस फिरवून मजकूर निवडला, कॉपी केला आणि दुसरीकडे पेस्ट केला की तो बाहेर येतो. यासाठी कोणतेही हॅकिंग लागत नाही.

८ जानेवारी २०१९ रोजी अमेरिकेत नेमके हेच घडले. डोनाल्ड ट्रम्प यांच्या प्रचारमोहिमेचे माजी प्रमुख पॉल मॅनफोर्ट यांच्या वकिलांनी न्यायालयात दिलेल्या कागदपत्रात काही ओळींवर काळ्या पट्ट्या होत्या. पत्रकारांनी त्या ओळी कॉपी-पेस्ट केल्या. मॅनफोर्ट यांनी २०१६च्या निवडणुकीसंबंधी जनमत चाचण्यांची माहिती आपले व्यावसायिक सहकारी कॉन्स्टँटिन किलिम्निक यांना दिल्याचा तपासयंत्रणेचा आरोप त्यातून त्याच दिवशी जगजाहीर झाला. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने या धोक्याबद्दल २००५मध्येच मार्गदर्शिका काढली होती. इतक्या वर्षांनंतरही अनुभवी वकिलांनी हीच चूक करावी, हे चीड आणणारे आहे.

मजकूर खरोखर काढायचा तर ती अक्षरे लिहिणारी सूचनाच पुसावी लागते. ॲक्रोबॅट प्रोमधले `Redact` साधन हे काम दोन टप्प्यांत करते. आधी जागेवर खूण करायची, मग `Apply` द्यायचे. पुष्कळ जण खूण करून तशीच फाइल साठवतात, त्या वेळी मजकूर शाबूत असतो. `Apply` दिल्यावरही फाइल नव्या नावाने साठवावी आणि लपलेली माहिती काढण्याचा पर्याय स्वीकारावा. कारण पीडीएफमध्ये नुसते `Save` केल्यास कित्येकदा बदल फाइलच्या शेवटी जोडले जातात आणि जुना भाग तसाच राहतो. लिबरऑफिस ड्रॉमध्ये `Redact` वापरून निर्यात केलेल्या फाइलीत पानांची चित्रे होतात. त्यात खालचा मजकूर उरत नाही, पण शोधण्याची सोयही जाते.

स्कॅन केलेल्या पानात दोन ठिकाणी पाहावे लागते. चित्रावर ठेवलेली पट्टी हलवली तर मूळ चित्र खाली दिसू शकते, म्हणून त्या जागेचे चित्रबिंदूच बदलायला हवेत. शिवाय ओसीआर केले असेल, तर चित्रासोबत अक्षरांचा अदृश्य थर असतो. चित्र काळे केले तरी त्या थरातले नाव तसेच राहू शकते.

तपासणीत मराठी कागदपत्रांना एक वेगळीच अडचण येते. लपवलेले नाव शोधले आणि सापडले नाही, म्हणून निर्धास्त राहणे चुकीचे आहे. देवनागरी पीडीएफमधून मजकूर काढताना जोडाक्षरे आणि वेलांट्या अनेकदा विस्कटतात. युनिकोड नसलेल्या जुन्या फाँटमध्ये तर मराठी नाव रोमन अक्षरांच्या कडबोळ्यासारखे साठवलेले असते. शोध रिकामा येतो, पण नाव आतच असते आणि फाँट ओळखणारा माणूस ते परत वाचू शकतो. म्हणून `pdftotext` सारख्या साधनाने सगळा मजकूर बाहेर काढून पट्टीच्या आजूबाजूच्या शब्दांमध्ये काही उरले आहे का, हे पाहावे. तिथे अर्थहीन वाटणारी अक्षरे दिसली, तरी मजकूर गेलेला नाही.

बाकीचे गैरसमज लवकर निकालात निघतात. ‘प्रिंट टू पीडीएफ’ केल्याने पट्टी आणि अक्षरे एकजीव होतात असे नाही, बहुधा अक्षरे अक्षरेच राहतात. पान कापल्याने कडेबाहेरचा भाग फक्त दिसेनासा होतो. पासवर्ड ज्याच्याकडे आहे, त्याच्यापासून पट्टीखालचे काही लपत नाही. पानावरून नाव काढले, तरी ते फाइलच्या शीर्षकात, बुकमार्कमध्ये किंवा जोडलेल्या फाइलीत असू शकते.

मजकूर पूर्ण पुसल्यावरही एक फट उरते. इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवले आहे की पुसलेल्या शब्दाची रुंदी आणि शेजारच्या अक्षरांच्या नेमक्या जागा फाइलीत राहिल्या, तर संभाव्य नावांच्या यादीतून बरीच नावे बाद करता येतात. यादी छोटी असेल, तर एकच नाव उरू शकते. अशा वेळी मूळ दस्तऐवजातच नावाऐवजी सगळीकडे सारख्या लांबीचे ‘[वगळले]’ घालावे आणि त्यावरून पीडीएफ नव्याने तयार करावी. मग त्या जागेची रुंदी नावाबद्दल काहीच सांगत नाही.